हात लावून बघा

नाते, महाड, पोलादपूर या पट्ट्यात कुणी शाळेच्या रिकाम्या खोलीत, वाचनालयाच्या माळ्यावर किंवा एखाद्या कलावंताच्या जुन्या घरात छोटं कलादालन उभं करायचं मनावर घेतलं असेल, तर त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. नाते रायगडच्या वाटेवर आहे. गडाकडे जाणारी माणसं इथून पुढे पाचाडला जातात, आणि त्यांच्यात अंध माणसंही असतात. दालनात ती आली तर काय करायचं, हे भिंतींना रंग देण्याआधी ठरवावं. नंतर ठरवलं की कोपऱ्यात एक ब्रेलची पाटी लागते आणि काम झालं असं समजलं जातं. तसं होऊ नये, एवढीच विनंती.

सगळं एका गोष्टीवर उभं आहे. डोळ्याला चित्र किंवा पुतळा एकदम दिसतो, मग नजर बारकाव्यांकडे वळते. हाताला एका वेळी तळव्याएवढाच तुकडा कळतो आणि तसे तुकडे मनात जोडून वस्तू उभी राहते. ऐकणाऱ्याचंही तसंच, वाक्यामागून वाक्य. म्हणजे स्पर्शफेरी आणि ध्वनिवर्णन यांत मुख्य काम क्रम लावण्याचं आहे. कुठून सुरू करायचं, पुढे कुठे जायचं, काय गाळायचं हे ठरलं की बाकीचं बरंचसं आपोआप जमतं.

पहिला निर्णय वस्तू किती ठेवायच्या हा. पाच किंवा सहा, जास्त नकोत. एका वस्तूला आठ-दहा मिनिटं सहज जातात, मधे चालणं, बोलणं, बसणं आलं. सव्वा तासानंतर बोटं आणि लक्ष दोन्ही थकतात. दालनात चाळीस वस्तू आहेत म्हणून चाळिसांना हात लावायला देणं हा पाहुणचार नव्हे. बाकीच्या वस्तूंबद्दल वाटाड्याने दोन वाक्यं सांगावीत, आणि कुणाला अधिक ऐकायचं असेल तर ध्वनिमुद्रण आहेच. एका वेळी सहा ते आठ पाहुणे आणि दोन-तीन पाहुण्यांमागे एक वाटाड्या, हे प्रमाण छोट्या जागेला पेलतं.

आता वस्तू कोणत्या? नाते हे चिंतामणराव देशमुखांचं जन्मगाव. इथे दालन झालंच तर त्यात पहिला अर्धपुतळा कुणाचा बसेल हे वेगळं सांगायला नको. तेव्हा अर्धपुतळ्याचंच उदाहरण घेऊ, कारण तो सोपा वाटतो आणि सोपा नसतो.

आपल्याला लहानपणापासून सवय असते की पुतळा छातीपाशी संपतो. जन्मापासून अंध असलेल्या माणसाला ही रीत कुणी सांगितलेली असेलच असं नाही. हात खाली सरकतो, खांदे लागतात आणि पुढे एकदम कापल्यासारखी धार. म्हणून हात ठेवण्याआधीच सांगायचं: हे डोकं, मान आणि छातीचा वरचा भाग एवढंच आहे, खांद्यापासून हात घडवलेले नाहीत, आणि उंची अमुक. मग डोळे. बरेच शिल्पकार बुबुळाच्या जागी खड्डा कोरतात. त्या खड्ड्यात सावली बसते आणि लांबून काळंभोर बुबुळ दिसल्याचा भास होतो. डोळस माणसाच्या ते लक्षातही येत नाही. बोटाला मात्र डोळ्यात भोक लागतं आणि माणूस दचकतो. तेव्हा बोट तिथे पोचण्याआधी वाटाड्याने हे सांगितलं पाहिजे. खड्डा का कोरला हे कळलं की तोच खड्डा त्या फेरीतली सगळ्यात लक्षात राहणारी गोष्ट ठरतो. चष्मा असला तर त्याची काडी बहुधा बारीक तारेची असते आणि सगळ्यात आधी तीच तुटते. ज्या पुतळ्याला असा चष्मा आहे त्याची प्रतिकृती करून घ्यावी, किंवा तो पुतळा स्पर्शफेरीत घेऊच नये.

हात फिरवायची पद्धतही ठरलेली असावी. पाहुण्याला पुतळ्यासमोर उभं करून त्याचे दोन्ही तळवे आधी खांद्यांवर येऊ द्यावेत, म्हणजे रुंदी कळते. तिथून दोन्ही हात एकाच वेळी मानेवरून गालांवर, मग डोक्यावर. यात डावी-उजवी बाजू एकत्र कळते आणि चेहरा कुठे वळलाय तेही कळतं. त्यानंतर एक हात हनुवटीवर टेकलेला ठेवायचा आणि दुसऱ्याने नाक, डोळे, कान, केस पाहायचे. टेकलेला हात म्हणजे खूण: आपण कुठे आहोत ते त्यावरून समजतं. पहिली दोन मिनिटं वाटाड्याने गप्प राहावं. हे भल्याभल्यांना जमत नाही. आपल्याला माहीत असलेलं सगळं ओतायची घाई होते आणि पाहुण्याला हात आणि कान दोन्हीकडे लक्ष द्यावं लागतं. आधी बघू द्या, मग विचारा, मग सांगा.

पाहुण्याचा हात धरून ओढत वस्तूवर नेऊ नये. आपला हात वस्तूवर ठेवावा आणि त्याला आपल्या हातावर हात ठेवायला सांगावं. तो स्वतःचा हात खाली सरकवत वस्तूपर्यंत पोचतो. चालतानाही तसंच. पाहुण्याने वाटाड्याच्या कोपराला धरायचं आणि अर्धं पाऊल मागे राहायचं. आपण त्याचा दंड पकडून पुढे ढकलत नेलं की त्याला पायरी कळत नाही, आपलं अंग वर-खाली झालेलं कळतं तेव्हा उशीर झालेला असतो. टेबलावरच्या गोष्टी सांगताना घड्याळाचे आकडे वापरावेत: बाराला पुतळा, तीनला पाण्याचा पेला. ‘इथे’, ‘तिकडे’, ‘हे बघा’ म्हणत बोट दाखवलं तर ते कुणाला दिसणार?

कोणत्या वस्तूला हात लावू द्यायचा हे तिच्या सामग्रीवरून ठरतं. ब्रॉन्झ टिकतं, त्यावर मेणाचा पातळ हात दिलेला असला आणि हात स्वच्छ असले की भीती नाही. आपल्याकडचा काळा पाषाणही टिकतो. संगमरवर दिसतो कठीण, पण त्वचेचं तेल पितो आणि नाक-हनुवटीवर पिवळट डाग धरतो. प्लॅस्टरचा मूळ पुतळा, न भाजलेली माती, रंगवलेलं लाकूड, हस्तिदंत यांना हात नको. त्यांची प्रतिकृती करावी. कापडी हातमोजे देऊ नयेत. त्यातून काही कळत नाही, वस्तू निसटते आणि धागे अडकतात. साबणाने हात धुऊन कोरडे करणं पुरेसं आहे. त्याहून महत्त्वाचं म्हणजे अंगठ्या, घड्याळ, बांगड्या, ओढणीची पिन काढून ठेवायला डबा द्यावा. ओरखडे त्यांनीच पडतात. सॅनिटायझर नको, त्यातला चिकटपणा वस्तूवर बसतो.

प्रतिकृतीसाठी लांब जायला नको. याच जिल्ह्यात पेणच्या गणपतीच्या कारखान्यांत साचा घेणं, रबराचा साचा सोडवणं, फायबरमध्ये ओतणं हे रोजचं काम आहे. त्यांना दोनच गोष्टी नीट सांगाव्या लागतात. एक, वर रंगाचा जाड थर नको, कारण रंगाने कोर बुजते. दोन, आतून वजन भरा. फायबरचा पोकळ पुतळा उचलला की खेळणं वाटतं, टकटक केलं की पोकळ वाजतो, आणि ब्रॉन्झचा थंड जडपणा त्यात नसतो. यावर एक साधा तोडगा आहे. प्रतिकृतीशेजारी मूळ सामग्रीचा तळहाताएवढा तुकडा ठेवा. आकार प्रतिकृतीतून कळेल, स्पर्श तुकड्यातून. थ्रीडी प्रिंट घेतलीत तर घासून गुळगुळीत करून घ्या, नाहीतर छपाईच्या थरांच्या बारीक रेघा बोटाला लागतात आणि पाहुण्याला वाटतं शिल्पकारानेच त्या कोरल्या आहेत.

मोठ्या वस्तूचा प्रश्न निराळा. अलिबागजवळ सासवण्याला शिल्पकार विनायक पांडुरंग करमरकर यांचं शिल्पालय आहे. त्यांच्या राहत्या घराचंच ते झालं आहे, आणि रायगड जिल्ह्यातल्या कुणीही छोटं कलासंग्रहालय कसं असतं हे पाहायचं तर तिथे जावं. 1928 साली पुण्यात उभा राहिलेला शिवरायांचा अश्वारूढ पुतळा याच करमरकरांचा. सासवण्याला त्यांनी घडवलेली एक म्हैस आहे, खऱ्या म्हशीएवढी. त्या शिल्पालयात कशाला हात लावू द्यावा हे तिथल्या मंडळींनी ठरवायचं. मी फक्त विचार करायला म्हैस उसनी घेतो. एवढ्या अंगावर हात फिरवताना शेपटीपाशी पोचेपर्यंत शिंगांचा अंदाज सुटतो. म्हणून आधी टेबलावर ओंजळीत मावेल अशी छोटी म्हैस द्यावी. पूर्ण आकार, बसणं-उभं राहणं, मानेचं वळण त्यात कळतं. मग मोठीकडे न्यावं आणि प्रत्येक भाग छोटीवर दाखवून मोठीवर शोधू द्यावा. दुसरी गोष्ट अशी की पोलादपूरच्या वाडीतल्या अंध माणसाने म्हैस धुतलेली असते, तिच्या पाठीवर थाप मारलेली असते. कासेची ठेवण, खुराची फट, मानेवरच्या कातड्याच्या वळ्या त्याला आपल्यापेक्षा जास्त माहीत असतात. तिथे वाटाड्याने वर्णन करू नये, विचारावं: शिल्पकाराने कुठे खरं केलंय आणि कुठे सोडून दिलंय? असा प्रश्न विचारला की फेरी बरोबरीची होते.

चित्राचं काय करायचं, हा प्रश्न जास्त अवघड. चित्राला हात लावून काही मिळत नाही, लागतो तो रंगाचा पोत किंवा काच. इथे ध्वनिवर्णन, आणि त्याच्या जोडीला एक उठावाचा तक्ता. उदाहरणासाठी सावंतवाडीचे सावळाराम लक्ष्मण हळदणकर यांचं ‘ग्लो ऑफ होप’ घेऊ. जलरंगातलं हे चित्र मैसूरच्या जगनमोहन पॅलेसमधल्या कलादालनात आहे, ते 1945-46 च्या सुमाराचं, आणि त्यासाठी त्यांची मुलगी गीता उभी राहिली होती. आपल्याकडे त्याची छापील प्रत घरोघरी टांगलेली असते आणि पुष्कळ लोक ते राजा रविवर्म्याचं समजतात. तेव्हा वर्णनाची सुरुवात चित्रकाराच्या नावानेच होऊ द्या.

बहुतेक जण असं लिहितात: ‘एक सुंदर स्त्री हातात दिवा घेऊन उभी आहे. तिच्या चेहऱ्यावर दिव्याचा मनमोहक प्रकाश पडला असून चित्रकाराने प्रकाशाची किमया अप्रतिम साधली आहे.’ यात दिवा सोडला तर एकही गोष्ट नाही. सुंदर, मनमोहक, अप्रतिम ही लेखकाची मतं झाली. ऐकणाऱ्याला मत त्याचं त्याने बनवू द्यावं, त्यासाठी माल पुरवावा. मी असं लिहीन:

‘हे उभं चित्र आहे, कागदावर जलरंगात. एकच व्यक्ती आहे: साडी नेसलेली एक तरुण मुलगी, उभी. मागे काही सामान नाही, सगळं अंधुक आहे. एका हातात तिने छोटा दिवा धरला आहे, छातीच्या जवळ. दुसरा हात ज्योतीसमोर आडवा धरला आहे, वारा लागू नये म्हणून धरतात तसा, बोटं एकमेकांना जवळजवळ टेकलेली. ज्योतीचा उजेड त्या बोटांच्या फटींतून बाहेर येतो आणि बोटांच्या कडा लालसर दिसतात. चित्रातला उजेड या एकाच ठिकाणाहून येतो. तो तिच्या चेहऱ्यावर आणि तळव्यावर सगळ्यात जास्त आहे, आणि दिव्यापासून जसजसं लांब जावं तसतसा कमी होत जातो.’

कुठला हात डावा, मान कुठे वळलेली, साडीचा रंग कोणता, हे प्रत समोर ठेवून भरावं. आठवणीवर लिहू नये. डावा म्हणजे मुलीचा डावा की बघणाऱ्याच्या डावीकडचा, हे एकदा ठरवून सगळ्या वर्णनांत तेच पाळावं. रंग गाळू नयेत. ज्यांची दृष्टी नंतर गेली त्यांना रंग आठवतात, आणि जन्मांधालाही लाल म्हणजे काय हे बोलण्यातून ठाऊक असतं. पूर्ण वर्णन वाचायला दोन-अडीच मिनिटांहून जास्त लागू नये. हळू, रोजच्या आवाजात वाचलं तर अडीचशे-तीनशे शब्द होतात. नाट्यवाचन नको. महाडच्या बाजारात जशी मराठी बोलतात तशा आवाजात ते कानाला बरं वाटतं. ध्वनिमुद्रण मोबाइलवर होतं. खोलीत गाद्या-रजया टांगल्या की घुमत नाही.

आता चाचणी. वर्णन दोन अंध मित्रांना ऐकवा, आणि आवडलं का असं विचारू नका, सगळे हो म्हणतात. त्यांना त्या मुलीसारखं उभं राहायला सांगा. हातात पेला द्या, दिवा समजून. आडवा हात ज्योतीच्या वर झाकणासारखा गेला, किंवा पेल्याखाली आधारासारखा गेला, तर दोष ऐकणाऱ्याचा नाही, तुमच्या वाक्याचा आहे. ते वाक्य फोडून पुन्हा लिहा. दोघांतला एक जन्मांध असावा आणि दुसऱ्याची दृष्टी मोठेपणी गेलेली, कारण दोघांना अडतं ते वेगवेगळ्या ठिकाणी. हे काम आहे, मदत नव्हे; जाण्यायेण्याचा खर्च आणि मानधन द्यावं.

याच चाचणीतून दालनातली एक वस्तूही निघते. पेणच्या कुणा कारागिराकडून दोन हात आणि दिवा एवढंच खऱ्या आकारात करून घ्या. पाहुण्याने त्या हातांवर हात ठेवला, मग कोमट पाण्याचा पेला स्वतःच्या हातात तसाच धरला, की चित्रातला मधला भाग त्याच्या तळव्याला कळतो. खरी ज्योत दालनात पेटवू नये, तो हट्ट सोडा.

उठावाचा तक्ता करताना एक चूक हमखास होते: मूळ चित्रातल्या सगळ्या रेषा वर उचलल्या जातात. बोटांना दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जवळच्या रेषा वेगळ्या कळत नाहीत, सगळं खरखरीत होऊन जातं. साडीच्या चुण्या गाळा. सावली मुळीच उचलू नका. उचलली की ती शेजारी उभी असलेली दुसरी बाई वाटते. बाह्याकृती, दोन हात, दिवा, चेहऱ्याची दिशा, एवढं एका तक्त्यावर. हात आणि दिवा मोठे करून दुसऱ्या तक्त्यावर. पोत तीन किंवा चार, जास्त नकोत. आणि तक्ता दोन तळव्यांत मावावा.

ब्रेल लावा, पण त्यावर विसंबू नका. भारती ब्रेल ज्यांनी अंधशाळेत शिकली ते वाचतील. साठीनंतर काचबिंदूने दृष्टी गेलेल्या आजींना ती येत नाही. त्यांना आणि अंधुक दिसणाऱ्यांना मोठं, जाड, पांढऱ्यावर काळं अक्षर लागतं, आणि काचेवर चमकणार नाही असा उजेड. ध्वनिवर्णन क्यूआर कोडवर टाकून मोकळं होऊ नका. कोड कुठे आहे ते हाताला कळत नाही, आणि डोंगरात रेंजचा भरवसा नाही. फाइली आत भरलेलं साधं वाजवायचं यंत्र, त्याला हाताला लागणारं मोठं बटण, हे जास्त चालतं. इअरफोन एकाच कानाला द्या, दुसरा कान वाटाड्यासाठी आणि जागेच्या अंदाजासाठी मोकळा हवा. पत्र्याचं छप्पर असेल तर आषाढात स्पीकरचं काही ऐकू येणार नाही, हेही लक्षात घ्या.

पावसाचं आणखी एक. महाडचं पाणी आपण जुलै 2021 मध्ये पाहिलंय. प्रतिकृती आणि तक्ते वरच्या मजल्यावर किंवा उंच फळीवर ठेवा. पूर आला नाही तरी दमट हवेत उठावाचा कागद वाकतो, त्याला बुरशी येते आणि उठाव बसतात. दर पावसाळ्यानंतर बोटांनी तपासून खराब झालेले बदला. त्यासाठी मूळ रेखाटन जपून ठेवा.

हे सगळं नवं नाही. इटलीत अँकोना इथे 1993 साली एका अंध दांपत्याने पुढाकार घेऊन ओमेरो संग्रहालय उभं केलं. तिथे सगळंच हाताने बघायचं असतं. दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात 2015 मध्ये ‘अनुभव’ हे स्पर्शदालन निघालं. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा 2016 चं कलम 29 संस्कृती आणि करमणुकीबद्दल आहे, कलेपर्यंत पोचणं त्यात येतं. निधीसाठी अर्ज करताना हे कलम लिहा, उपयोग होतो.

उद्घाटनाच्या आधी एक दिवस मोकळा ठेवा. त्या दिवशी चार अंध पाहुण्यांना महाडच्या एसटी स्टँडपासून दालनापर्यंत आणा आणि पूर्ण फेरी करा. कुणी कुठे अडखळलं, कुठला पुतळा हाताच्या उंचीला आला नाही, कुठल्या वर्णनानंतर प्रश्न आला, हे एका माणसाने फक्त लिहून घ्यावं, मधे बोलू नये. टेबलं पंचाहत्तर-ऐंशी सेंटीमीटरवर आहेत ना, शेजारी खुर्ची आहे ना, तेही त्याच दिवशी कळेल. ती यादी पुरी झाल्यावर निमंत्रणपत्रिका छापायला टाका.